तहजीब

तहजीब (उच्चारभेद : तेहजीब) हा अरबीतून फारसीच्या वाटेने उर्दू व हिंदीत रूढ झालेला स्त्रीलिंगी शब्द आहे. सभ्यता, सुसंस्कृतपणा, वागण्याबोलण्यातील मर्यादा आणि व्यापक अर्थाने एखाद्या समाजाची संस्कृती असे त्याचे अर्थ होतात. मराठीत हा शब्द पूर्णपणे रुळलेला नाही. लखनौ, हैदराबाद, गझल व मैफल यांच्या संदर्भात तो आवर्जून वापरला जातो. पश्चिम विदर्भातील वऱ्हाडात, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांत, मराठी आणि उर्दू भाषक शतकानुशतके शेजारी नांदत आले आहेत. त्यामुळे या शब्दाने सुचवलेले शिष्टाचार तेथील व्यवहारात वेगळ्या, काहीशा साध्या रूपात आढळतात.

व्युत्पत्ती

अरबीत ह-ज-ब या धातूपासून तहजीब हे क्रियावाचक नाम बनते. छाटणे, सोलणे, निवडून शुद्ध करणे, मजकूर दुरुस्त करणे आणि माणसाला वळण लावणे असे या धातूचे अर्थ आहेत. झाडाच्या निरुपयोगी फांद्या काढणे हा त्यांपैकी सर्वांत परिचित अर्थ होय. जुन्या अरबी कोशकारांनी मूळ अर्थ सांगताना कडू इंद्रायणाचे उदाहरण दिले आहे. या वाळवंटी फळातील गर काढून टाकून, बियांचा कडवटपणा जाईपर्यंत त्यांवर प्रक्रिया करणे आणि त्या खाण्याजोग्या करणे म्हणजे तहजीब. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही मराठी म्हण नेमकी याच्या उलट सांगते. अरबी शब्दात मात्र कडवटपणा काढता येतो हे गृहीत धरलेले आहे. म्हणजेच तहजीब हा जन्माने मिळणारा गुण नसून कोणीतरी केलेल्या दुरुस्तीचा परिणाम आहे.

ज्याच्यावर अशी दुरुस्ती झाली तो 'मुहज्जब', म्हणजे सभ्य मनुष्य. मूळ अरबी व्यंजन उर्दूत 'जमीन', 'जहाज' यांतील ज-प्रमाणे दंत्य उच्चारले जाते. मराठीत ई स्वरापूर्वीचा ज तालव्य होतो (जीव, जीभ), म्हणून मराठी भाषकाच्या तोंडी 'तहजीब'मधील जी सहसा तालव्य येते आणि उर्दू जाणणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळते.

उर्दूतील अर्थकक्षा

उर्दूत तहजीब या शब्दाभोवती समानार्थी वाटणाऱ्या शब्दांचे एक कुटुंब आहे, पण त्यांची कामे निरनिराळी आहेत. 'अदब' म्हणजे मोठ्यांपुढे किंवा पूज्य गोष्टीपुढे पाळायची मर्यादा. याच शब्दाचा दुसरा अर्थ साहित्य असा आहे आणि त्याचे अनेकवचन 'आदाब' हे अभिवादन म्हणून वापरले जाते. 'तमीज' म्हणजे फरक ओळखण्याची शक्ती; कोठे काय शोभते हे ज्याला कळत नाही तो 'बदतमीज'. 'सलीका' म्हणजे कोणतेही काम नीटनेटके करण्याची हातोटी. 'तकल्लुफ' म्हणजे मुद्दाम राखलेला संकोच व उपचार. तहजीब या सर्वांना कवेत घेते आणि त्यांपलीकडे एखाद्या समूहाची राहणी असाही अर्थ देते.

हा व्यापक अर्थ एकोणिसाव्या शतकात ठळक झाला. इंग्लंडहून परतल्यावर सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये 'तहजीबुल अखलाक' हे नियतकालिक सुरू केले. हेच नाव नीतिशास्त्रावरील एका जुन्या अरबी ग्रंथाचे होते. तो ग्रंथ इब्न मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांचा. जुन्या ग्रंथात एकट्या माणसाच्या स्वभावाची छाटणी अभिप्रेत होती, तर सर सय्यद यांना साऱ्या समाजाची सुधारणा हवी होती. १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठीचे साप्ताहिक निघाले. त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या.

मराठीतील स्थान

मराठीने या कुटुंबातील घटक घेतले, पण त्या सर्वांना व्यापणारा शब्द मात्र फारसा घेतला नाही. अदब, बेअदबी, मुलाहिजा, अर्ज, मुजरा हे शब्द मराठीत जुने आहेत. उर्दूतील 'मुरव्वत' मराठीत 'भीडमुर्वत' या जोडशब्दात येऊन बसली आणि तिच्यापासून 'बेमुर्वतखोर' हे खास मराठी विशेषणही तयार झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी शिष्टाचाराचे हे शब्द बोलीतून गेले नाहीत. तहजीबची जागा मराठीत रीतभात, वळण आणि संस्कार हे शब्द भरून काढतात. यांपैकी 'वळण' हा शब्द अरबी मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जातो. वेलीला मांडवावर वळण लावतात, अक्षराला लावतात आणि मुलालाही.

वऱ्हाडातील परंपरा

वऱ्हाडात उर्दू-फारसी शिष्टाचाराचा प्रवेश सत्तेच्या मार्गाने झाला. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन इमादशाही स्थापन केली व अचलपूर (एलिचपूर) हे तिचे प्रमुख ठाणे झाले. हा प्रदेश १५७४ मध्ये निजामशाहीकडे, १५९६ मध्ये मोगलांकडे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला. अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे मोगलकाळातील दुसरे महत्त्वाचे ठाणे. तेथील किल्ल्याचे बांधकाम औरंगजेबाचा मुलगा आजमशाह याने आरंभले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पूर्ण केले. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा निजामी दरबाराशी असलेला रोजचा संबंध तुटला. मात्र नवाबी घराणी, दर्गे, मदरसे आणि उर्दू बोलणारी वस्ती मागे राहिली.

या खंडित इतिहासाचा परिणाम शिष्टाचारावर दिसतो. लखनौत तहजीब घडवली ती दरबाराने आणि दरबाराच्या आश्रयाने वाढलेल्या निवांत शहरी वर्गाने. अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी 'गुजिश्ता लखनौ' या लेखमालेत तिचे तपशीलवार वर्णन केले आहे. वऱ्हाडात असा दरबार फार काळ टिकला नाही. येथील उर्दू भाषक प्रामुख्याने शेती, विणकाम, कारागिरी, व्यापार आणि नोकरी करणारे होते आणि त्यांचा दिवस मराठी शेजाऱ्याबरोबर बाजारात जात होता. त्यामुळे दरबारी उपचार गळून पडले आणि रोजच्या व्यवहाराला लागणारी मर्यादा तेवढी उरली. 'गंगा-जमनी तहजीब' हा उत्तर भारतीय शब्दप्रयोग वऱ्हाडातील वक्तेही सढळपणे वापरतात. वस्तुतः येथून वाहते ती पूर्णा.

तू, तुम आणि आप

वऱ्हाडी माणूस बोलण्यात फटकळ, म्हणून असभ्य, असा समज मराठीच्या इतर भागांत आहे. दख्खनी वळणाची उर्दू बोलणाऱ्याविषयी लखनौकडे असाच समज आढळतो. या समजाचे एक मोठे कारण सर्वनामांच्या व्यवस्थेत आहे.

उर्दूत द्वितीय पुरुषाच्या तीन पायऱ्या आहेत : तू, तुम आणि आप. मराठीतही तू, तुम्ही आणि आपण अशा तीनच पायऱ्या दिसतात, परंतु त्यांची उंची सारखी नाही. मराठी 'तुम्ही' हे पूर्ण आदराचे सर्वनाम आहे. गुरुजींना, सासऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांनाही ते चालते. उर्दू 'तुम' मात्र बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी आहे. मराठी 'आपण' हे विशेष औपचारिक असून त्याचा 'तुम्ही-आम्ही मिळून' असाही अर्थ होत असल्याने ते बोलीत जपून वापरले जाते. उर्दू 'आप' हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही रोजचे आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम एका साध्या प्रसंगातून पाहता येतो. अकोल्याचा एखादा विद्यार्थी लखनौच्या वृद्ध गृहस्थांना भेटतो. मनात 'तुम्ही कधी आलात? या, बसा' असे अत्यंत आदराचे वाक्य असते. ते तो शब्दशः उतरवतो : 'तुम कब आये? आओ, बैठो.' त्याच्या हिशेबी आदरात काहीच उणे पडलेले नाही, पण ऐकणाऱ्याला ते नातवाशी बोलल्यासारखे वाटते. तेथे अपेक्षित वाक्य 'आप कब तशरीफ लाये? आइए, बैठिए' असे आहे. मराठी आज्ञार्थात 'बस' आणि 'बसा' या दोन रूपांवर काम भागते व 'बसावे' हे रूप पत्रात किंवा समारंभात येते. उर्दूत 'बैठ', 'बैठो', 'बैठिए' आणि 'बैठिएगा' अशी चढती रूपे रोजच्या वापरात आहेत. त्यामुळे चूक शब्दाची असते, वृत्तीची नव्हे. चूक वृत्तीची नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. बोलणारा 'तुम' म्हणतानाही उठून उभा राहिला असेल, आपली जागा देत असेल, तर त्याच्या मनात 'तुम्ही' आहे.

वऱ्हाडीत ही गुंतागुंत आणखी वाढते. खेड्यातील वऱ्हाडीत आई, आजी यांच्याप्रमाणे इतर जवळच्या वडीलधाऱ्यांनाही एकवचनी संबोधन आढळते. 'माय, तू कधी आली?' हे वाक्य प्रमाण मराठीच्या 'आलीस'पेक्षाही उघडे वाटते. येथे आदर क्रियापदाच्या वचनात नसून नातेवाचक शब्दात, सुरात आणि 'जी', 'बाप्पा', 'भाऊ' यांसारख्या जोडशब्दांत असतो. अनोळखी माणसाला नाते लावल्याशिवाय हाक मारणे हा येथील खरा उद्धटपणा. वऱ्हाडातील उर्दू बोलीचेही तसेच आहे. 'मेरेकू', 'कायकू', 'हौ', 'नक्को' असे शब्द असणाऱ्या या बोलीत 'आप' कमी ऐकू येतो, पण मामू, खाला, भाईजान, आपा या नात्यांवाचून वाक्य सुरू होत नाही. 'नक्को' हा मराठी 'नको'च आहे, आणि 'करून राहिला', 'जाऊन राहिलो' ही वऱ्हाडी रूपे हिंदी-उर्दूच्या 'कर रहा है' या घडणीची आहेत. दोन्ही भाषांनी एकमेकींचे शब्द घेतले, तसाच आदराचा हिशेबही नात्यांवर सोडला.

अभिवादन आणि निरोप

'आदाब' हे अभिवादन उजवा हात किंचित वाकवून कपाळाकडे नेत व थोडे झुकून केले जाते. त्यात कोणत्याही धर्माचे नाव येत नाही, म्हणून लखनौ व हैदराबाद येथे ते मिश्र मंडळींत वापरले जात असे. धाकट्याने आदाब केल्यास वडील माणूस 'जीते रहो' असा आशीर्वाद देतो. मुस्लिमांमधील सलामालाही क्रम आहे : धाकट्याने मोठ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी पुष्कळांना आधी सलाम करावा.

वऱ्हाडात आदाब सर्वसामान्य झाला नाही. येथे अभिवादनांचीच गर्दी आहे. शेतकऱ्यांचा राम राम, मुस्लिमांचा सलाम, आंबेडकरी समाजाचा जय भीम, रिद्धपूरच्या परंपरेतील महानुभावांचा दंडवत प्रणाम आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा 'जय गुरू'. अशा ठिकाणी समोरच्याचे अभिवादन त्याच्याच शब्दांत परत करणे ही बाजारातील आणि कचेरीतील रूढ सभ्यता होऊन बसली आहे. उत्तर भारतात एकच तटस्थ शब्द शोधून जे साधले, ते येथे अनेक शब्द लक्षात ठेवून साधले जाते.

निरोपाच्या भाषेत उर्दू आणि मराठी विलक्षण जवळ येतात. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. उर्दू बोलणारा 'इजाजत दीजिए' म्हणतो, म्हणजे जाणे यजमानाच्या परवानगीवर सोपवतो. अशुभ क्रियापद टाळण्याची रीतही दोन्हीकडे एकाच शब्दावर उभी आहे. उर्दूत दुकान बंद करत नाहीत, 'दुकान बढाते हैं'. दिवा विझवत नाहीत, तोही 'बढाते हैं'. जेवणानंतर दस्तरखान उचलत नाहीत, 'बढाते हैं'. मराठीत नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. 'बढाना' आणि 'वाढवणे' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. संपणे हा शब्द उच्चारायचा नाही आणि त्याच्या जागी वाढण्याची इच्छा ठेवायची, हा विचार दोन्ही भाषांत सारखा आहे.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि खरी जाण तेथेच कळते. ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथून निघताना मराठी माणूस 'येतो' म्हणत नाही. काही न बोलता उठतो. 'पुन्हा येईन' हा अर्थ त्या घरी अशुभ ठरतो. ताजियतीस गेलेल्या उर्दू भाषकाकडूनही एरवीचे पाहुणचाराचे उपचार अपेक्षित नसतात, उलट शेजाऱ्यांनी त्या घरी जेवण पोहोचवायचे असते. वाक्य पाठ असूनही ते न वापरणे म्हणजेच 'तमीज', फरक ओळखणे.

दस्तरखान आणि पंगत

उर्दू भाषक घरांत जमिनीवर अंथरलेल्या कापडाला दस्तरखान म्हणतात. पूर्वी पाहुण्यांचे हात जागेवरच धुवून देण्यासाठी आफताबा (तोटीचे भांडे) आणि सिलफची (पसरट पात्र) फिरवली जाई. उजव्या हाताने व आपल्या समोरच्या बाजूने खावे, सामायिक ताटाच्या मध्यावर हात घालू नये आणि वडील माणसाने सुरुवात केल्यावर इतरांनी करावी, हे नियम होत.

वऱ्हाडी पंगतीत भांडे सामायिक नसते, म्हणून मर्यादा वेगळ्या जागी येते. वाढणे पूर्ण होईपर्यंत कोणी घास उचलत नाही आणि शेजाऱ्याचे संपण्याआधी उठत नाही. यजमान शेवटी जेवतो. रोडग्याच्या जेवणातही हेच. आग्रहाच्या बाबतीत मात्र दोन्ही परंपरांत एकच पेच आहे. पहिला नकार हा संकोच मानायचा आणि पुन्हा वाढायचे, हे ठरलेले असते. मग खरा नकार कसा ओळखायचा? उर्दूत 'तकल्लुफ न कीजिए' आणि 'बस, तकल्लुफ नहीं कर रहा' या देवाणघेवाणीतून ते स्पष्ट होते. पंगतीत पाहुणा ताटावर आडवा हात धरतो. त्या हातानंतरही वाढणे हा पाहुणचार नसून जबरदस्ती ठरते, हे वाढप्यांना बरेचदा कळत नाही.

मुशायरा

तहजीबचे नियम सर्वांत स्पष्टपणे मुशायऱ्यात, म्हणजे उर्दू कविसंमेलनात, दिसतात. अमरावती, अचलपूर, अकोला आणि बाळापूर येथे मुशायऱ्यांची परंपरा आहे. मुशायऱ्याला एक 'सदर' (अध्यक्ष) आणि एक 'नाजिम' (संचालक) असतो. नवोदित कवी आधी वाचतात, ज्येष्ठ नंतर आणि सदर सर्वांत शेवटी. जुन्या काळी ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर शमा ठेवली जाई. प्रत्येक कवी सदराची परवानगी घेऊन आरंभ करतो. स्वतःच्या वाचनाला तो 'अर्ज करना' म्हणतो आणि श्रोते त्याला 'इरशाद' म्हणतात. म्हणजे जे सांगणाऱ्याच्या दृष्टीने विनंती, ते ऐकणाऱ्याच्या दृष्टीने आज्ञा. आपले घर 'गरीबखाना' आणि दुसऱ्याचे 'दौलतखाना' म्हणण्यातही हीच तऱ्हा आहे.

श्रोत्यांचेही काम ठरलेले असते. शेराची पहिली ओळ कवी दोनदा म्हणतो. श्रोत्यांतील जाणकार ती उचलून धरतात, त्यामुळे मागे बसलेल्यांनाही ती नीट कळते आणि दुसऱ्या ओळीची उत्सुकता वाढते. दुसरी ओळ यमकापाशी आली की श्रोते ते यमक कवीबरोबरच उच्चारतात. आवडलेल्या शेराला 'वाह' किंवा 'सुभानअल्लाह' अशी दाद मिळते व पुन्हा ऐकायचा असल्यास 'मुकर्रर' म्हटले जाते. कवी दादेला हात उचलून सलामाने उत्तर देतो. टाळ्या वाजवणे जुन्या रीतीत बसत नव्हते, कारण टाळी शब्दावर पडते आणि शब्द बुडतो. मोठ्या मैदानांवरील मुशायऱ्यांत आता टाळ्या, शिट्ट्या आणि कवीला मध्येच खाली बसवणारा गोंगाटही होतो. मुशायरा बिघडल्याची पहिली खूण ही की श्रोते पहिल्या ओळीवरच ओरडू लागतात, म्हणजे ते दुसऱ्या ओळीची वाट पाहत नाहीत.

इस्लाह आणि सुरेश भट

उर्दू काव्यपरंपरेत शिष्य (शागिर्द) आपली रचना उस्तादाला दाखवतो व उस्ताद तीत दुरुस्ती करतो. या दुरुस्तीला 'इस्लाह' म्हणतात. तहजीब या शब्दाचा छाटणी हा मूळ अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो. इस्लाह शक्यतो खासगीत दिली जाते, चारचौघांत चूक काढली जात नाही. उस्ताद बहुधा ओळ नवी लिहून देत नाही, एखादा शब्द बदलतो किंवा काढतो. शागिर्दाने ती दुरुस्ती वाद न घालता ऐकावी, पण कारण विचारण्याची मुभा त्याला असते.

ही परंपरा मराठीत आणण्याचे काम अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भट (१५ एप्रिल १९३२ – १४ मार्च २००३) यांच्या नावाशी जोडले जाते. त्यांच्यापूर्वी माधव जूलियन यांनी 'गज्जलांजली' (१९३३) या संग्रहाद्वारे मराठीत गझल लिहिली होती. ते फारसीचे प्राध्यापक आणि फार्शी-मराठी कोशाचे कर्ते होते. त्यांनी गझल ग्रंथांतून आणली, तर भटांना ती उर्दू वातावरणाच्या शेजारातही भेटली. 'रूपगंधा' (१९६१), 'रंग माझा वेगळा' (१९७४) व 'एल्गार' (१९८३) या संग्रहांबरोबरच त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी मार्गदर्शिका लिहिली आणि ती नवोदितांपर्यंत पोहोचवली. उर्दूत जे ज्ञान उस्तादाच्या बैठकीत मिळे, ते या पुस्तिकेमुळे उस्ताद नसलेल्या खेड्यातील मुलालाही मिळू लागले.

बाराखडीतील दुरुस्तीचे स्वरूप एका उदाहरणावरून कळते. गझलेच्या पहिल्या शेरात 'दार' आणि 'भार' ही यमके आली, तर पुढील प्रत्येक शेरात 'फार', 'वार', 'आधार' असेच शब्द यावे लागतात. 'दूर' किंवा 'धीर' येथे चालत नाही. शेवटचा र जुळला तरी त्याआधीचा 'आ' हा स्वर, ज्याला 'अलामत' म्हणतात, तो मोडतो. मराठी कवीच्या कानाला 'दार–दूर' ही जोडी पूर्वी खटकत नव्हती. अलामतीचा नियम कळल्यावर ती खटकू लागते. दुसरी नेहमीची दुरुस्ती म्हणजे प्रत्येक शेर स्वतंत्र असणे. एका शेरातील वाक्य पुढच्या शेरात नेले की ती गझल न राहता गझलेच्या आकाराची कविता होते.

भटांमुळे उर्दू शिष्टाचाराचा काही भाग मराठी मंचावर आला. 'गझल मुशायरा' हा शब्द मराठीत रूढ झाला आणि 'मतला', 'मक्ता', 'काफिया' या संज्ञा अनुवाद न होता स्वीकारल्या गेल्या. अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे गायक भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल गायनासोबत गझल संमेलने व नवोदितांसाठी कार्यशाळाही चालवल्या. मराठी मंचावर ज्येष्ठांनी शेवटी वाचण्याचा क्रम टिकला, परंतु श्रोत्यांनी पहिली ओळ उचलून धरण्याची रीत तितकीशी रुजली नाही. मराठी श्रोता अजूनही शांतपणे ऐकतो आणि शेवटी टाळी वाजवतो. कीर्तनाला आणि व्याख्यानाला बसण्याची त्याची जुनी सवय तीच आहे.

आक्षेप आणि मर्यादा

तहजीब या कल्पनेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप वर्गाचा आहे. लखनौची तहजीब ही 'शरीफ' म्हणवणाऱ्या घराण्यांची होती. विणकर, कसाब, भिश्ती यांच्या बोलीला तीत स्थान नव्हते, उलट ती बोली टाळण्याची खूण म्हणूनच सांगितली जाई. ज्या तवायफांकडून श्रीमंत तरुणांनी उठण्याबसण्याची रीत शिकावी अशी प्रथा होती, त्यांना स्वतःला शरीफ म्हटले गेले नाही. शुद्ध उच्चार हाच सभ्यतेचा पुरावा मानला की दख्खनी बोलणारा आणि वऱ्हाडी बोलणारा दोघेही तोंड उघडताच नापास होतात. नाटकांत व चित्रपटांत या दोन्ही बोली बहुधा विनोदासाठी वापरल्या जातात, हे त्याच मोजमापाचे फळ आहे.

वऱ्हाडातील उर्दू माध्यमाच्या शाळांत पाठ्यपुस्तकाची भाषा 'आप', 'तशरीफ' आणि 'फरमाइए'ची असते. वर्गात 'जी, आप दुरुस्त फरमाते हैं' असे वाक्य वाचणारा विद्यार्थी घरी आल्यावर आजीला 'हौ नानी, मेरेकू मालूम है' असे सांगतो. त्याच वयाचा मराठी विद्यार्थी शाळेत 'मला माहीत आहे, बाई' आणि घरी 'मले मालूम हाय, माय' म्हणतो. 'मालूम' दोन्ही घरांत एकच आहे, आणि दोन्ही मुलांना कोणते वाक्य कोठे म्हणायचे हे दहाव्या वर्षापर्यंत पक्के ठाऊक झालेले असते.